पिशवीच्या कडेचे दोन मिलिमीटर

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याच्या फाइलमध्ये बरंच काही असतं. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी, टाके काढायची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख. कोलोस्टॉमी झालेल्या रुग्णाला याखेरीज आणखी एक कागद मिळतो. पिशवी कशी बदलायची, कातडीची काळजी कशी घ्यायची आणि काय खायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक घरांत तो कागद उलट्या क्रमाने वाचला जातो. आधी जेवणाचा भाग, मग पिशवीचा, आणि कातडीच्या चार ओळी राहून जातात. घरी गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त त्रास मात्र त्या चार ओळींच्या जागीच होतो.

गुदद्वाराला अगदी लागून कॅन्सरची गाठ असेल, तर काही वेळा गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकावे लागतात. मग मोठ्या आतड्याचं उरलेलं टोक पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली, कातडीतून बाहेर काढतात. शर्टाची बाही उलटी दुमडावी तसं ते टोक दुमडून कडेने कातडीला शिवतात. हाच स्टोमा. तोंडाच्या आतल्या अस्तरासारखाच तो लालसर आणि ओलसर दिसतो. त्याला दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात, म्हणून हात लागला तरी दुखत नाही. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तरी ते नेहमीचंच असतं. त्याला आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे शौच कधी व्हावी हे माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून पोटावर पिशवी.

पिशवीची रचना समजली की कागदातल्या बाकीच्या सूचनांचा अर्थ लागतो. आपल्याकडे दोन भागांची पिशवी बरीच वापरली जाते. एक भाग कातडीला चिकटणारी चकती, तिला दवाखान्यात फ्लँज किंवा वेफर म्हणतात. दुसरा भाग त्या चकतीच्या कड्यावर दाबून बसवायची पिशवी. चकतीच्या मधोमध स्टोमाच्या मापाचं छिद्र कापावं लागतं, आणि ते कापण्याचं काम रुग्णाकडे किंवा घरच्यांकडे येतं. छिद्र स्टोमापेक्षा व्यासाने दोन ते तीन मिलिमीटर मोठं हवं, म्हणजे चहूबाजूंनी एक-दीड मिलिमीटरची मोकळी जागा. आतडं आकुंचन-प्रसरण पावतं तेव्हा स्टोमा थोडा फुगतो. छिद्र अगदी घट्ट असेल तर त्याची कड स्टोमाला घासते, तिथे जखम होते. छिद्र मोठं झालं तर मधली कातडी उघडी पडते आणि तिच्यावर दिवसरात्र शौच लागत राहते.

पाचव्या आठवड्यातली आग

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका नमुना रुग्णावरून पाहू. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणारे, साठी ओलांडलेले, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी ते घरी आले. वॉर्डातल्या सिस्टरने मापाची पट्टी लावून स्टोमा मोजला तेव्हा तो ३६ मिलिमीटर होता, म्हणून छिद्र ३९ मिलिमीटरचं कापायला सांगितलं. सूनबाई नीटनेटक्या. त्यांनी पुठ्ठ्याचा साचा केला आणि दुकानातून आणलेल्या सगळ्या चकत्या एकाच दुपारी त्या मापाने कापून डब्यात भरून ठेवल्या.

पहिला महिना सुरळीत गेला. चकती चार दिवस टिकायची. पाचव्या आठवड्यात स्टोमाच्या खालच्या बाजूला खाज सुरू झाली, मग आग. चकती दुसऱ्याच दिवशी सुटू लागली. घरच्यांनी पेस्टचा थर वाढवला, कडेने चिकटपट्टी लावली. आग वाढली, आणि चकती आता एक दिवसही टिकेना.

स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टरने आधी कातडीकडे पाहिलं नाही. तिने काढलेली चकती उलटी केली. खालच्या बाजूला, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी, चिकट थर विरघळून तपकिरी वाट तयार झाली होती. तिथूनच शौच आत शिरत होती. मग तिने स्टोमा मोजला. तो २९ मिलिमीटर भरला. छिद्र अजून ३९चंच. म्हणजे चारही बाजूंनी पाच मिलिमीटर कातडी उघडी होती, आणि खालच्या अर्ध्या भागात ती सोलून ओली झाली होती.

यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढचे सहा ते आठ आठवडे सूज उतरत जाते आणि स्टोमा लहान होतो. म्हणून या काळात दर आठवड्याला, आणि शक्यतो प्रत्येक चकती बदलताना, माप घ्यायचं असतं. आगाऊ कापून ठेवण्याची सोय स्टोमाचं माप स्थिर झाल्यानंतरची. स्टोमा नेहमी गोल असतो असंही नाही. लांबट असेल तर लांबी आणि रुंदी वेगळी मोजून छिद्र तसंच लांबट कापावं लागतं. चांगल्या माहितीपत्रकात यासाठी तीन रकाने असतात: तारीख, स्टोमाचं माप, कापलेलं छिद्र.

कोरडी कातडी, मगच चकती

चकती बदलायला सकाळची, चहा-नाश्त्याआधीची वेळ बरी. पोटात काही पडलं की आतडं हालचाल करू लागतं आणि ऐन कामात स्टोमा वाहू लागतो. सगळं सामान आधी हाताशी घ्यायचं: कोमट पाणी, मऊ सुती कापडाचे तुकडे, माप कापून तयार ठेवलेली चकती, पिशवी, तिची क्लिप आणि जुनं सामान टाकायला वर्तमानपत्र. स्टोमा नीट दिसावा म्हणून समोर आरसा असला तर उत्तम.

जुनी चकती ओढून काढायची नाही. एका हाताने कातडी खाली दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने वरच्या कडेपासून खाली सावकाश सोडवत आणायची. काढल्यावर तिची मागची बाजू पाहायची, कारण गळती कुठून होते हे तीच सांगते. मग कातडी फक्त कोमट पाण्याने पुसायची. सुगंधी साबण नको, डेटॉल नको, स्पिरिट तर नकोच. यातलं काहीही लावलं तर कातडी कोरडी पडून तडकते किंवा तिच्यावर थर उरतो, आणि चकती धरत नाही. खोबरेल तेल आणि टाल्कम पावडर हे आपल्या घरातले नेहमीचे उपाय, पण चकतीखाली तेही चालत नाहीत. कातडी चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. तिथे केस असतील तर ते ट्रिमरने किंवा कात्रीने कमी करावेत. कोरड्या वस्तऱ्याने काढले तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

चकती लावण्याआधी ती एखादा मिनिट दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची. उबेने चिकट थर मऊ होतो. पाठीमागचा कागद काढून ती खालच्या बाजूपासून वर बसवत न्यायची, स्टोमाच्या लगतचा भाग आधी बोटाने दाबायचा आणि मग पंजा ठेवून मिनिटभर तसंच थांबायचं. लगेच वाकू नये, लगेच मांडी घालून बसू नये. पिशवी कड्यावर बसवली की हलका झटका देऊन ती नीट बसल्याची खात्री करायची.

पेस्टबद्दल मोठा गैरसमज आहे. ती डिंकासारखी चिकटवायची वस्तू नव्हे. स्टोमाच्या आसपास खळगी असेल किंवा बसल्यावर वळी पडत असेल, तर ती भरून पृष्ठभाग सपाट करण्यासाठी पेस्ट असते. छिद्राच्या कडेने बारीक रेघ पुरते. तिचा जाड थर दिला तर चकती तरंगत राहते आणि लवकर सुटते. अनेक पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून सोललेल्या कातडीवर ती झोंबते. कंडक्टरांच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

त्यांची सोललेली कातडी बरी करायला सिस्टरने मलम दिलं नाही. मलमावर चकती चिकटत नाही. तिने ओल्या भागावर स्टोमा पावडर भुरभुरवली आणि जी चिकटली नाही ती कापडाने झटकून टाकली. त्यावर अल्कोहोल नसलेल्या संरक्षक द्रवाचा हात फिरवला, तो सुकू दिला, आणि हेच पुन्हा एकदा केलं. दोन थरांनी ओल्या जागेवर कोरडी खपली तयार झाली. मग ३१ मिलिमीटरचं छिद्र कापलेली चकती बसवली. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत दर दोन दिवसांनी चकती बदलायला सांगितलं. आठवडाभरात ओल गेली, आणि पुढे चकती पुन्हा चार दिवस टिकू लागली.

आग कुठे आणि कोणत्या आकाराची आहे, यावरूनही कारण ओळखता येतं. स्टोमाला लागून एका बाजूला अर्धचंद्रासारखी लाली असेल तर शौच गळते आहे. पूर्ण चकतीच्या आकाराची, कड नेमकी कापल्यासारखी लाली आणि खाज असेल तर त्या चकतीतल्या पदार्थाची ॲलर्जी असू शकते, आणि दुसऱ्या कंपनीची चकती लावून पाहावी लागते. लाल पट्ट्यासोबत कडेला बारीक सुटे पुरळ आणि खूप खाज असेल तर बुरशी. घामाच्या दिवसांत ती जास्त दिसते, आणि तिच्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडरच लागते.

उन्हाळ्यात आणि कोकणातल्या दमट हवेत चकतीचे दिवस कमी होतात. एरवी चार-पाच दिवस टिकणारी चकती मे महिन्यात तीन दिवसांनीच बदलावी लागते. चकती स्वस्त नसते, त्यामुळे घरातले लोक ती ताणून वापरतात. खाज किंवा जळजळ सुरू झाली की दिवस न मोजता चकती काढायची, हा नियम. गळतीवर वरून चिकटपट्टी मारली तर शौच आतच कोंडली जाते.

दोन बहिणी आणि एका झाडाचा डिंक

ही चकती आणि पिशवी आजच्या रूपात यायला फार काळ झालेला नाही. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सन या नर्सच्या बहिणीवर, थोरावर, स्टोमाचं ऑपरेशन झालं होतं, आणि गळतीच्या भीतीने थोरा घराबाहेर पडेनाशी झाली होती. १९५४ मध्ये एलिसेने एक कल्पना काढली: प्लास्टिकची पातळ पिशवी आणि तिला कातडीवर चिकटणारं कडं, वापरली की फेकून द्यायची. पुढे आगे लुइस-हान्सन या प्लास्टिक उत्पादकाने ती बनवली. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी त्याच दशकात स्टोमाभोवतीची ओली कातडी वाचवण्यासाठी कराया डिंक वापरायला सुरुवात केली. हा डिंक ज्या झाडाचा, ते पांढऱ्या खोडाचं कांडोळ महाराष्ट्राच्या डोंगरउतारांवरही उभं असतं. आजच्या चकत्यांमध्ये पेक्टिन, जिलेटिन यांसारख्या पदार्थांचे थर असतात. ओल शोषायची आणि तरीही चिकटून राहायचं, हे त्यांचं काम तेव्हापासूनचंच.

पिशवी भरण्याआधी

चकती काही दिवसांनी बदलायची असली तरी पिशवी रोज रिकामी करावी लागते. ती एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. पूर्ण भरू दिली तर वजनाने चकती खाली खेचली जाते. कमोडवर मागे सरकून बसायचं, किंवा भारतीय संडास असेल तर शेजारी ठेंगण्या स्टुलावर बसायचं. पिशवीचं खालचं तोंड वर धरून क्लिप काढायची, मग तोंड खाली करून पिशवी रिकामी करायची. तोंड आतून-बाहेरून पुसून कोरडं करायचं आणि क्लिप पुन्हा लावायची. पिशवी पाण्याने विसळली तरी चालते, पण पाणी चकतीपर्यंत जाऊ द्यायचं नाही. वापरलेली पिशवी संडासात टाकली तर पाइप तुंबतो. ती रिकामी करून कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यायची.

वास येईल या भीतीने अनेक जण लग्नकार्याला जाणं सोडतात. नीट बसलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही, तिचं प्लास्टिकच तसं बनवलेलं असतं. पिशवी बंद असताना वास येत असेल तर कारण शोधायचं: एक तर चकतीखाली गळती आहे किंवा पिशवीचं तोंड नीट पुसलेलं नाही. गॅसने पिशवी फुगली म्हणून तिला टाचणीने भोक पाडणारे लोक आहेत. त्या भोकातून दिवसभर वास येत राहतो. दोन भागांच्या पिशवीत संडासात जाऊन कड्याची एक बाजू क्षणभर उचलली की गॅस निघून जातो.

आंघोळ पिशवी ठेवून किंवा काढून, दोन्ही प्रकारे करता येते. साडी नेसणाऱ्या बाईंसाठी मात्र परकराची नाडी हा खरा प्रश्न असतो. नाडी स्टोमावर आवळली तर शौच खाली उतरत नाही. म्हणूनच शक्य असेल तेव्हा ऑपरेशनच्या आधी, रुग्णाला उभं करून, बसवून आणि वाकवून, नाडी कुठे येते आणि पोटाच्या वळ्या कुठे पडतात ते पाहून स्टोमाच्या जागेची खूण केली जाते. पहिले सहा ते आठ आठवडे पाण्याची भरलेली बादली किंवा कळशी उचलायची नाही. पोटाच्या भिंतीत मुद्दाम एक वाट केलेली असते, आणि जोर पडला तर तिच्या बाजूने हर्निया होतो.

ताटात काय

जेवणाचा भाग लोक सगळ्यात आधी वाचतात, पण त्यात मनाईची यादी अपेक्षेपेक्षा छोटी असते. डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचा बराच भाग शाबूत असतो. तो पाणी शोषून घेतो, म्हणून काही आठवड्यांनी शौच पूर्वीसारखीच घट्ट होऊ लागते. पहिले चार ते सहा आठवडे मात्र आतडं सुजलेलं असतं. तेव्हा मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, ताक-भात, इडली, दुधी किंवा सोललेल्या बटाट्याची भाजी, पिकलं केळं असं कमी चोथ्याचं खायचं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि नीट चावून.

त्यानंतर एका वेळी एकच नवा पदार्थ. ज्वारीची भाकरी सुरू केली तर दोन-तीन दिवस दुसरं काही नवं नको. पोट दुखलं, पिशवी फुगली किंवा शौच पातळ झाली तर कारण लगेच कळतं. असा पदार्थ कायमचा बंद करायचा नाही, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा थोडा खाऊन पाहायचा. आमच्या कंडक्टरांना पावट्याची उसळ पहिल्यांदा बाधली. महिन्याने वाटीभर खाल्ली तेव्हा काही झालं नाही.

गॅस वाढवणाऱ्यांत कोबी, फ्लॉवर, कांदा, राजमा, हरभऱ्याची डाळ आणि सोड्याची पेयं येतात. वासाच्या बाबतीत अंडी, लसूण आणि सुकी मासळी पुढे. कोलोस्टॉमीत अशा जेवणाचा परिणाम पिशवीत दिसायला साधारण सहा ते आठ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी लग्नाला जायचं असेल तर सकाळचं जेवण जपायचं. गॅसच्या भीतीने दिवसभर उपाशी राहणं उलट बाधतं, रिकाम्या पोटी गॅस वाढतो. एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर राहिलं तर शौच घट्ट होते, तेव्हा सोबत ताक आणि पाणी जास्त हवं. बीटाने शौच लाल दिसते आणि लोहाच्या गोळ्यांनी काळी. हे आधी ठाऊक नसेल तर रात्री दवाखान्यात धावाधाव होते.

जेवणाचा आणि चकतीचा संबंध पाण्यातून येतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नसेल तर दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी हवं. ते कमी पडलं की शौच घट्ट होते, पिशवीत खाली न उतरता स्टोमाच्या तोंडाशीच थापली जाते आणि चकतीखाली घुसते. यावर पाणी वाढवायचं. शिवाय नवी पिशवी बसवण्याआधी तिच्यात थोडी हवा भरायची आणि आतल्या बाजूला तेलाचे दोन थेंब सोडून चोळायचे, म्हणजे शौच सरकते. तेल कातडीला किंवा चकतीला मात्र लागू द्यायचं नाही.

कधी थांबायचं नाही

गुदद्वार काढलेल्या रुग्णालाही काही महिने शौचाला लागल्यासारखं वाटतं. नसांना जुनी सवय असते, यात घाबरण्यासारखं काही नाही. गुदाशय शिल्लक ठेवलेला असेल तर खालून पांढरट चिकट स्राव येऊ शकतो, तोही नेहमीचाच. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, तर मात्र त्याचा रक्तपुरवठा तुटला असू शकतो. त्याच तासाला दवाखाना गाठायचा. पोटात मुरडा, उलट्या आणि पिशवीत शौच नाही, गॅसही नाही, अशी अवस्था झाली तर आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी घरी जुलाबाचं औषध घ्यायचं नाही. स्टोमाच्या आतून न थांबणारं रक्त, अचानक लांब बाहेर आलेला स्टोमा, किंवा दिवसभर पाण्यासारखी शौच, यांसाठीही दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

कागदाच्या तळाशी स्टोमा क्लिनिकचा नंबर लिहून घ्यावा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत असं वेगळं क्लिनिक असतं. जिथे नाही तिथे ऑपरेशन झालेल्या वॉर्डाचा नंबर चालतो. फोनवर सिस्टर पाच गोष्टी विचारते: शेवटची शौच किती वाजता झाली, ती घट्ट की पातळ, स्टोमाचा रंग कोणता, उलटी झाली का, आणि मागच्या वेळी घेतलेलं माप किती.